यंत्र शिकायला बोलावणारे पत्र

परदेशी ग्राहकाच्या माणसांना यंत्र शिकवण्यासाठी बोलावताना विक्रेती कंपनी जे पत्र देते, ते ग्राहकाच्या नावे लिहिलेले असले तरी त्याचा खरा वाचक व्हिसा देणारा अधिकारी असतो. ग्राहकाला कधी, कुठे, कशासाठी जायचे ते ई-मेलवर आधीच कळलेले असते. अधिकाऱ्याला मात्र या व्यवहारातले काहीच ठाऊक नसते आणि विचारायला समोर कोणी नसते. त्याच्या हातात पत्र, अर्ज आणि सोबतचे कागद एवढेच येतात. बहुतेक आमंत्रणपत्रे ग्राहकाच्या सन्मानार्थ लिहिल्यासारखी असतात, त्यांत आनंद आणि अपेक्षा भरपूर असते आणि माहिती थोडी. अडचण तिथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातल्या कारखानदारीत हा प्रसंग सर्वांत जास्त जर्मनीच्या बाबतीत येतो. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक इथले कारखाने जर्मन यंत्रे घेतात आणि ऑपरेटर, मेंटेनन्सचा माणूस किंवा प्रोग्रामर यांना उत्पादकाच्या कारखान्यात आठ-पंधरा दिवस पाठवतात. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या कक्षेत येतात. कागद व्हीएफएसच्या केंद्रावर दिले जातात, पण निर्णय जर्मन परराष्ट्र सेवेतला अधिकारी घेतो. तो 2009च्या युरोपीय व्हिसा संहितेनुसार चालतो. या संहितेचे 32वे कलम अर्ज कोणत्या कारणांनी नाकारायचा ते सांगते. त्यांतली तीन कारणे थेट आमंत्रणपत्राशी जोडलेली आहेत: प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी पटल्या नाहीत, मुक्कामाच्या आणि परतीच्या खर्चाची सोय सिद्ध झाली नाही, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी माणूस परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. नकार ठरावीक छापील नमुन्यावर, कारणापुढे खूण करून मिळतो, आणि नेमक्या कोणत्या वाक्यामुळे शंका आली हे त्यातून क्वचितच कळते.

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा प्रसंग इथे नमुना म्हणून घेतला आहे. कारखान्याने दक्षिण जर्मनीतल्या एका उत्पादकाकडून पाच अक्षांचे मशिनिंग सेंटर घेतले होते. यंत्र जहाजाने न्हावाशेव्याकडे निघाले होते आणि दोन माणसांना, एक ऑपरेटर-प्रोग्रामर व एक मेंटेनन्स पर्यवेक्षक, उत्पादकाच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवायचे होते. उत्पादकाकडून आलेले पहिले पत्र चार वाक्यांचे होते. या दोघांना आमच्या कारखान्यात सुमारे तीन महिन्यांपर्यंत प्रशिक्षणासाठी आमंत्रित करत आहोत, त्यांचा सर्व खर्च आम्ही करू, ते मुदतीत परत जातील याची हमी देतो, तरी त्यांना व्हिसा द्यावा. पत्र लेटरहेडवर होते, सही-शिक्काही होता. दोन्ही अर्ज नाकारले गेले. हेतू आणि परतीची शंका, अशा दोन कारणांपुढे खुणा होत्या.

हेतूचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण अनेकांना वाटते की प्रशिक्षण म्हटल्यावर हेतू स्पष्टच आहे. जर्मनीत मात्र प्रशिक्षण ही एकच गोष्ट नाही. दोन-तीन वर्षांचे व्यवसाय-शिक्षण, विद्यार्थ्यांची इंटर्नशिप, समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पुढचे शिक्षण आणि खरेदीदाराच्या माणसाला यंत्र चालवायला शिकवणे या साऱ्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि त्यांतल्या काहींना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा चालत नाही. ग्राहकाच्या माणसाची सोय जर्मन रोजगार अध्यादेशाच्या 19व्या कलमात आहे. परदेशातल्या मालकाने आपल्या माणसाला विकत घेतलेले यंत्र स्वीकारण्यासाठी किंवा ते चालवण्याची माहिती घेण्यासाठी पाठवले, तर बारा महिन्यांत 90 दिवसांपर्यंत त्याला जर्मन रोजगार खात्याची संमती लागत नाही. या तरतुदीत तीन गोष्टी गृहीत आहेत: मालक परदेशातला आहे, यंत्र विकत घेतलेले आहे, आणि माणूस ते स्वीकारायला किंवा शिकायला आला आहे. पत्रात या तिन्ही दिसल्या पाहिजेत.

पहिल्या पत्रात त्यांतली एकही नव्हती. यंत्राचे नाव नव्हते, ऑर्डरचा उल्लेख नव्हता, हे दोघे कोणाचे नोकर आहेत तेही नव्हते. तीन महिन्यांचा आकडा तर नडलाच. तो बहुधा शेंगेन व्हिसाच्या कमाल मर्यादेवरून, म्हणजे 180 दिवसांत 90 दिवस, उचललेला होता. जास्त मागितले तर निदान पुरेसे मिळेल, असा हिशोब त्यामागे असतो. पण मशिनिंग सेंटर चालवायला शिकण्यासाठी तीन महिने लागतात असे सांगितले, की वाचणाऱ्याच्या मनात दुसरीच शक्यता येते. हा माणूस तिथे उत्पादनात काम करणार आहे. शिकता शिकता उत्पादकाच्या विक्रीच्या मालावर काम करणे म्हणजे नोकरी, आणि नोकरीला हा व्हिसा नाही.

दुसऱ्या पत्रातला हेतूचा परिच्छेद साधारण असा होता: आपल्या कंपनीने अमुक तारखेच्या ऑर्डरने आमच्याकडून अमुक मॉडेलचे, अमुक अनुक्रमांकाचे मशिनिंग सेंटर खरेदी केले आहे. ऑर्डरच्या तांत्रिक जोडपत्रानुसार आपल्या दोन कर्मचाऱ्यांना या यंत्राचे संचालन, प्रोग्रामिंग व देखभाल यांची माहिती आमच्या प्रशिक्षण केंद्रात दिली जाईल. त्यासाठी याच मॉडेलचे प्रात्यक्षिकाचे यंत्र वापरले जाईल. दोघेही आपल्या कंपनीचे कर्मचारी राहतील, त्यांचा पगार भारतात चालू राहील, आणि ते आमच्या उत्पादनात कोणतेही काम करणार नाहीत. त्याखाली प्रत्येकाचे पासपोर्टवरचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, हुद्दा आणि या यंत्राशी असलेले त्याचे काम दिले होते.

नावाबद्दल एक बारीक गोष्ट आहे. आपल्याकडे कारखान्यात माणूस एका नावाने ओळखला जातो आणि पासपोर्टवर दुसराच क्रम असतो, कधी वडिलांचे नाव मधे, कधी आडनावाची जागा रिकामी. पत्र लिहिणारा जर्मन बाजूचा माणूस ई-मेलच्या सहीतले नाव उचलतो. त्याला पासपोर्टच्या पानाची प्रत आधीच पाठवणे हा साधा उपाय आहे.

हुद्द्याचाही विचार करावा लागतो. यंत्र चालवणाऱ्याऐवजी मालकाचा नातेवाईक किंवा हिशोब विभागातला माणूस प्रशिक्षणाच्या नावाखाली पाठवला जातो, हे अधिकाऱ्यांनाही माहीत असते. शिकायला जाणारा आणि परत येऊन यंत्रासमोर उभा राहणारा एकच असला पाहिजे, आणि त्याचे नियुक्तिपत्र व पगारपत्रक तेच सांगणारे असले पाहिजे.

कार्यक्रमाचा तक्ता पत्राला जोडलेला असावा, पण तो तासातासाचा असण्याची गरज नसते. कोणत्या दिवशी काय, कोणत्या ठिकाणी, एवढे पुरते. या प्रसंगात प्रशिक्षण 2025च्या 29 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर असे ठरले. पहिल्या आठवड्यात नियंत्रक आणि प्रोग्रामिंग, दुसऱ्यात स्पिंडल, हत्यारे बदलणारी यंत्रणा, वंगण व दोष शोधणे. तक्त्याचा पहिला मसुदा कोल्हापुरातून तयार होऊन गेला होता आणि त्यात 3 ऑक्टोबरलाही प्रशिक्षण दाखवले होते. 3 ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुटी. आदल्या दिवशी गांधी जयंतीची सुटी सांभाळणाऱ्याला ती लक्षात आली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण सुटीच्या दिवशी कारखान्यात शिकवणारा कार्यक्रम जर्मन अधिकाऱ्याने वाचला असता, तर पत्र उत्पादकाने लिहिलेले नाही एवढे त्याला लगेच कळले असते. ग्राहकाने मसुदा करून देणे आणि उत्पादकाने तो लेटरहेडवर छापणे ही पद्धत सर्रास आहे. ती गैर नाही. मात्र सही करणाऱ्याने मसुदा खरोखर वाचलेला असावा. वकिलातीने पत्रावरच्या क्रमांकावर फोन केला आणि सही करणाऱ्याला पाहुण्यांची नावेही आठवली नाहीत, तर बाकीचे सारे कागद वाया जातात.

खर्चाच्या परिच्छेदात सर्वांत जास्त घोटाळे होतात, आणि त्यांचे मूळ बहुधा औदार्याच्या भाषेत असते. पहिल्या वेळी उत्पादकाने सर्व खर्च आपण करू असे लिहिले होते. कोल्हापूरच्या कंपनीच्या पत्रातही, तितक्याच मोठ्या मनाने, सर्व खर्च आमची कंपनी करेल असे होते. अर्जाच्या फॉर्मवर खर्च कोण करणार या प्रश्नापुढे भरणाऱ्याने अर्जदार स्वतः या चौकटीत खूण केली होती. तीन कागद, तीन दाते. यापैकी प्रत्यक्षात काय होणार होते? उत्पादक हॉटेल आणि दुपारचे जेवण देणार होता, बाकी सारे कोल्हापूरची कंपनी. म्हणजे तिन्ही कागद चुकीचे होते, आणि खरे सांगितले असते तर कोणालाच काही अडचण नव्हती.

खर्च एका वाक्यात न सांगता बाबवार वाटून लिहावा. दुसऱ्या पत्रात तो असा मांडला गेला. प्रशिक्षणाचे शुल्क यंत्राच्या किमतीत धरलेले आहे, वेगळे आकारले जाणार नाही. 28 सप्टेंबर ते 11 ऑक्टोबर अशा 13 रात्रींचे हॉटेल, नाश्त्यासह, उत्पादक देईल आणि आरक्षण त्याच्याच नावावर आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी दुपारचे जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये. हॉटेल ते कारखाना जाण्या-येण्याची गाडी उत्पादकाची. मुंबईहून जाण्या-येण्याचे विमानभाडे, व्हिसाचे शुल्क, प्रवासविमा आणि रात्रीचे जेवण व किरकोळ खर्चासाठीचा भत्ता कोल्हापूरची कंपनी देईल. कोल्हापूरच्या कंपनीच्या पत्रात हाच मजकूर त्याच क्रमाने, तिच्या बाजूने लिहिला गेला, आणि फॉर्मवर प्रायोजकांच्या रकान्यात दोन्ही कंपन्यांची नावे आली.

भत्ता कोणी द्यावा, हा त्यातला नाजूक भाग. उत्पादकाने पाहुण्यांना रोख दैनिक रक्कम देण्याची तयारी दाखवली होती. ती नाकारणे शहाणपणाचे ठरले. यजमान कंपनी परदेशी माणसाला रोज ठरावीक पैसे देते असे पत्रात आले, की ते विद्यावेतनासारखे किंवा मजुरीसारखे दिसते, आणि हेतूच्या परिच्छेदात कमावलेली स्पष्टता तिथे गमावली जाते. माणसाचा मालक त्याला दौऱ्याचा भत्ता देतो, यात मात्र कोणालाच काही वावगे वाटत नाही.

सर्व खर्च आमचा, या शब्दांना जर्मनीत आणखी एक धार आहे. परदेशी पाहुण्याच्या खर्चाची औपचारिक हमी देण्याची तरतूद जर्मन निवास कायद्याच्या 66 ते 68 या कलमांत आहे. अशी हमी देणारा पाहुण्याच्या राहण्या-जेवण्यापासून आजारपणापर्यंतच्या सार्वजनिक खर्चाला पाच वर्षे जबाबदार राहतो. म्हणून जाणकार जर्मन कंपन्या पत्रावर सही करण्याआधी ते आपल्या कायदा विभागाकडे पाठवतात आणि त्यात दिवस जातात. बाबवार लिहिलेल्या खर्चावर त्यांची सही लवकर मिळते, कारण त्यांनी नेमके काय अंगावर घेतले ते त्यांनाही दिसते. आजारपणाचा भाग विम्याने झाकला जातो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत नेण्याचा खर्च धरणारा विमा सक्तीचाच आहे.

खर्च कंपनी करत असेल, तर दाखवायचे ते कंपनीचे खाते. ऑपरेटरच्या बचत खात्यात अर्जाआधी आठवडाभर दोन-तीन लाख रुपये भरून शिल्लक फुगवण्याचा सल्ला एजंट देतात. पगारपत्रकावर पंचवीस-तीस हजार आणि खात्यात अचानक लाखांची जमा, हा विरोधाभास तीन महिन्यांच्या बँक विवरणात लपत नाही. कमी पगार हे नकाराचे कारण ठरतेच असे नाही. उलगडा न होणारी रक्कम मात्र हमखास संशय आणते.

परतीबाबत यजमान कंपनी काय लिहू शकते आणि काय नाही, हे वेगळे करायला हवे. हे दोघे परत जातील याची हमी, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक आमंत्रणपत्रात असते आणि त्याला वजन जवळजवळ शून्य असते. दुसऱ्या देशातल्या प्रौढ माणसाला विमानात बसवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही, हे अधिकाऱ्याला ठाऊक आहे. परतीचा पुरावा माणसाच्या स्वतःच्या देशातल्या बांधिलकीतून येतो. यजमानाने फक्त एवढे दाखवावे की मुक्कामाचा हेतू एका ठरावीक दिवशी संपतो आणि त्यानंतर या माणसांची गरज दुसरीकडे आहे.

कोल्हापूरच्या प्रसंगात हे दाखवण्यासारखे भरपूर होते, पण पहिल्या वेळी कोणी लिहिलेच नव्हते. यंत्र ऑक्टोबरमध्ये कारखान्यात पोचणार होते. ते बसवायला आणि चालू करून द्यायला उत्पादकाचा इंजिनिअर 3 नोव्हेंबरला येणार होता, त्याचे वेळापत्रक ठरलेले होते. त्याआधी पाया तपासणे, स्थिर दाबाची वीज, कोरडी दाबाची हवा आणि कूलंटची व्यवस्था मेंटेनन्स पर्यवेक्षकाला पुरी करायची होती. ती झाली नाही, तर परदेशी इंजिनिअरचे वाया गेलेले दिवस कंपनीला भरावे लागणार होते. उत्पादकाच्या दुसऱ्या पत्रात हे दोन वाक्यांत आले: प्रशिक्षण 10 ऑक्टोबरला संपेल. 3 नोव्हेंबरपासून यंत्राच्या उभारणीसाठी या दोघांची कोल्हापूर इथे उपस्थिती आवश्यक आहे. भारतीय कंपनीच्या पत्रात त्यांची नोकरीतली वर्षे, 13 ऑक्टोबरला कामावर रुजू होण्याची तारीख आणि दौरा कर्तव्यावरचा असल्याचे आले. सोबत भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा उतारा आणि फॉर्म 16 जोडला गेला. दिवाळीला घरी यायचे आहे, असेही एकाला लिहायचे होते. भावना खरी होती, पण पुरावा म्हणून तिचा उपयोग नव्हता.

तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, आणि त्या जुळवताना थोडी मोकळीक ठेवावी लागते. प्रशिक्षण सोमवारी सुरू होत असेल, तर रविवारी पोचणे आणि संपल्यावर शनिवारी निघणे स्वाभाविक दिसते. 28 सप्टेंबर ते 11 ऑक्टोबर हा 14 दिवसांचा मुक्काम झाला, कारण पोचण्याचा आणि निघण्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. विमा या पूर्ण काळाचा हवा. विमानाचे केवळ आरक्षण जोडावे, व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे तिकीट काढण्याची घाई करू नये. प्रशिक्षणानंतर स्वित्झर्लंड पाहून येण्याचा मोह अनेकांना होतो. तो लपवून नंतर तिकीट बदलण्यापेक्षा अर्जातच सांगितलेला बरा. तसे केले तर त्या दिवसांचे हॉटेल आणि खर्च स्वतःचा म्हणून वेगळा दाखवावा, आणि ते दिवस कामाच्या दिवसांपेक्षा कमी असावेत. मुक्कामाचा मुख्य देश बदलला, तर अर्ज कोणत्या वकिलातीकडे करायचा तेही बदलते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे 15 दिवस धरले आहेत, पण जास्त चौकशी लागली तर ते 45पर्यंत जाऊ शकतात. शिवाय भेटीची वेळ मिळायला लागणारे दिवस वेगळे, आणि ऐन उन्हाळी हंगामात ते बरेच असतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. प्रौढांसाठी शुल्क जून 2024पासून 90 युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही.

नकार आल्यावर काय करायचे, याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. पूर्वी जर्मन वकिलातीकडे विनाशुल्क फेरविचार मागता येत असे. 1 जुलै 2025पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता नवा अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे, एवढेच दोन मार्ग उरतात. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी कोणी न्यायालयात जात नाही. नव्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल गप्प राहून चालत नाही, कारण तो युरोपीय व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे दिसतो आणि सर्व शेंगेन देशांना दिसतो. म्हणून दुसऱ्या पत्रासोबत एक छोटे टिपण जोडले गेले: आधीच्या पत्रात मुक्कामाचा काळ आणि खर्चाची वाटणी नेमकी दिली गेली नव्हती, ती आता ऑर्डरच्या प्रतीसह दिली आहे. कुणावर दोष ठेवला नाही, विनवणी केली नाही. दोघांनाही व्हिसा मिळाला, नेमक्या दिवसांचा.

व्हिसा हातात आल्यावर त्याच्यावरचे दोन आकडे निरखून पाहावेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो वापरता येईल, ही एक मुदत. त्या मुदतीत किती दिवस राहता येईल, ही दुसरी, आणि ती पहिल्यापेक्षा कमी असते, कारण तारखांमध्ये पंधरा दिवसांची सवलत दिलेली असते. शेवटची तारीख बघून मुक्काम लांबवणारे इथे फसतात. प्रशिक्षण खरोखर लांबले, यंत्राचा एखादा भाग आला नाही म्हणून, तर दिवस संपण्याआधी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जावे लागते, आणि मुदतवाढ अपवादानेच मिळते. 12 ऑक्टोबर 2025पासून शेंगेन सीमांवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी प्रवेश-निर्गम प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जास्तीचा एक दिवसही ती आपोआप मोजते.

मूळ पत्र, तक्ता आणि विम्याची प्रत प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवावी. फ्रँकफर्टच्या सीमेवर अधिकारी ती मागू शकतो, आणि ऑपरेटरला इंग्रजी अडखळत बोलता येत असेल, तर पत्रच त्याच्या वतीने बोलते. कारखान्याचा पत्ता आणि घ्यायला येणाऱ्याचा फोन क्रमांक त्यात असावा. परत आल्यावर बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील नोंदींच्या प्रती दोन्ही कंपन्यांनी जपाव्यात. एप्रिल 2024मध्ये युरोपीय आयोगाने भारतातल्या रहिवाशांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. यंत्राच्या पुढच्या सुधारित आवृत्तीसाठी त्याच माणसांना पुन्हा बोलावताना उत्पादकाने आधीच्या भेटीच्या तारखा आणि ते वेळेवर परतल्याचे एका वाक्यात नमूद करावे. परतीबद्दल यजमानाला स्वतःच्या माहितीतून लिहिता येईल असे ते एकमेव वाक्य.